मदत हवी आहे: चतुर्थेशाची दशा आणि घर घेण्याची वेळ (बेळगाव)

वडगावकर_एस
बेळगावात जुना फ्लॅट बघितलाय, पहिलंच घर. मालक श्रावणाच्या आत संचकार मागतोय. माझी मीन रास, मधली साडेसाती. चौथ्या स्थानाचा स्वामी बुध, त्याची महादशा होऊन गेली. म्हणजे योग संपला का? लवकर सांगा, पार्टी थांबणार नाही.

निपाणीचा_गडी
साडेसातीत घर? शनी निघू दे हो मीनेतून. तोवर भाड्यानं राहा की.

माई_चिकोडी
आमच्या ह्यांनी साडेसातीतच घर बांधलं, उत्तम चाललंय. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का ते आधी बघा.

पंचांगवाला
बुध तुम्ही राशीवरून काढलात. चतुर्थेश लग्नावरून धरा. लग्न कोणतं? सध्या दशा-अंतर्दशा कोणती? फ्लॅटची रजिस्ट्री कधी होणार?

वडगावकर_एस
लग्न कन्या. केतू महादशा, या जुलैपासून गुरूची अंतर्दशा. 1992 चा जन्म, बाकी व्यनि केलंय. लोन मंजूर व्हायला दोन-तीन महिने लागतील.

निपाणीचा_गडी
मग गुरूच चतुर्थेश! आणि तो आत्ता कर्केत उच्चीचा. माझं आधीचं मागे घेतो. उद्याच देऊन टाका.

पंचांगवाला
एवढी घाई नको, गडी. उच्चीचा आहे, पण त्याची दृष्टी बघा. कर्केतून तो वृश्चिक, मकर आणि मीन पाहतो. धनू, म्हणजे कन्या लग्नाचं चौथं स्थान, त्यात येत नाही. शनीचं मात्र जुळलंय. मीनेतला शनी दहाव्या दृष्टीनं धनूला आणि सातव्या दृष्टीनं कन्येला पाहतो, आणि जन्माचा गुरू कन्येतच आहे. म्हणजे शनीचा हात घरावर आणि घराच्या मालकावरही. ज्या साडेसातीला तुम्ही घाबरताय तोच शनी इथं काम करतोय.

गुरूचा हात पडेल 31 ऑक्टोबर 2026 ला तो सिंहेत गेल्यावर, कारण सिंहेतून पाचवी दृष्टी धनूवर येते. डिसेंबरात तो वक्री होतो आणि 25 जानेवारी 2027 ला परत कर्केत. दशा आणि दोघांचं गोचर एकत्र मिळतं ते एवढंच. पुन्हा सिंहेत येईल जूनअखेरीस, पण तोवर शनी मेषेत गेलेला असेल आणि तुमची गुरू अंतर्दशाही संपलेली असेल. रजिस्ट्री नोव्हेंबरात किंवा धनुर्मास लागायच्या आधी डिसेंबरात बसवा. दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, त्यानंतरचे पाच आठवडे मला बरे वाटतात.

खानापूर_रोड
संचकार दिला तेव्हाच घर झालं असं आमचे गुरुजी धरतात. तुम्ही रजिस्ट्री धरताय. कुठलं खरं?

पंचांगवाला
मी रजिस्ट्री धरतो, मालकी तेव्हा बदलते. संचकार परतही येतो. यावर वाद आहे, मान्य.

कागद_तपासा
ग्रह राहू देत बाजूला. ई-खाता आहे का? ईसी काढली का? इमारतीची जागा एनए आहे का? कन्नड वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या, एजंटाच्या तोंडी भाषांतरावर जाऊ नका. ऑगस्ट 2025 पासून कर्नाटकात नोंदणी फी एक टक्क्याची दोन टक्के झालीय, तेही हिशोबात धरा.

वडगावकर_एस
ईसी काढली. ई-खाता मालक "होतंय" म्हणतोय.

पंचांगवाला
व्यनितली कुंडली बघितली. अडचण आहे. लग्न कन्येचा पहिलाच अंश येतो. वेळ पाच-सात मिनिटं आधीची असेल तर लग्न सिंह होईल, चौथं स्थान वृश्चिक आणि चतुर्थेश मंगळ. मग वर लिहिलेलं सगळं पुसा. वृश्चिकेला आत्ता गुरू पाहतो, शनी पाहत नाही. वेळ कुणी लिहिलेली?

वडगावकर_एस
आईनं सांगितलेली. दवाखान्याच्या कागदावर वेळच नाही.

पंचांगवाला
मग मागचं तपासू. केतूत मंगळाची अंतर्दशा साधारण जानेवारी ते जून 2025 होती. त्यात घराचं काही हललं का? हललं असेल तर सिंह लग्नाकडे पारडं झुकतं.

वडगावकर_एस
एप्रिलमध्ये भाड्याचं घर बदललं. मालकानं खाली करायला लावलं.

निपाणीचा_गडी
झालं! सिंह लग्न.

पंचांगवाला
एवढ्यावरून नाही. कन्या लग्नालाही तेव्हा शनी मीनेत आला होता आणि त्याची दृष्टी चौथ्यावर पडत होती. आणि भाड्याचं घर सोडणं म्हणजे घर घेणं नव्हे. धाकट्या भावंडाचा जन्म, नोकरी, लग्न यांच्या तारखा द्या, मग बोलू. तोवर कन्या साठ टक्के धरतो, त्याहून जास्त नाही.

माई_चिकोडी
दार दक्षिणेला नाही ना?

वडगावकर_एस
पूर्वेला आहे माई. पण संचकार देऊ की नको?

कागद_तपासा
ई-खाता हातात आल्याशिवाय नको. आणि देणारच असाल तर "ई-खाता न मिळाल्यास रक्कम परत" हे करारात लिहून घ्या. नोव्हेंबरपर्यंत तेवढं होतं का बघा, तुमच्या गुरूलाही वेळ मिळेल.