अनुभव धागा: समोरून ‘नमस्कार’ आला की तुम्ही काय म्हणता? (बँक, दवाखाना, शाळेचं ऑफिस, ऑनलाइन दुकान)

वेलांटी (धागाकर्ती)

मी लहान व्यवसायांना आणि संस्थांना ग्राहकांसाठीचे मेसेज, फोनवर बोलायची वाक्यं वगैरे लिहून देते. सगळ्यांना एकच हवं असतं: “छानसं, गोड, स्वागत करणारं काहीतरी द्या.” मला मात्र वाटतं, नमस्काराला नमस्कार सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात. तिथे ती जागा आपल्याला काय विचारते, आणि मुद्दाम काय विचारत नाही?

या चारपैकी एका ठिकाणी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्यांनी लिहावं. बाहेरच्या बाजूचे अनुभवही चालतील, फक्त तक्रार असेल तर संस्थेचं नाव नको.

रोखपाल (निवृत्त)

सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी बँकेच्या शाखांत नोकरी झाली. बँकेत दोन नमस्कार असतात. कर्जाच्या टेबलाशी “या, बसा” आणि कॅशच्या खिडकीत “बोला”. लोकांना ‘बोला’ तुटक वाटतं. पण हातात नोटांची गड्डी असताना मान वर करून नमस्कार केला की मोजणी चुकते, आणि संध्याकाळी कॅश जुळली नाही तर फरक रोखपालाच्या नावावर येतो. म्हणून आम्ही मोजून संपल्यावरच तोंड उघडायचो. नवीन माणसाला मी पहिली गोष्ट शिकवायचो ती ही, की मोजायला घेण्याआधी एकदा नजर देऊन मान हलव. समोरचा मग शांतपणे थांबतो.

दुसरं म्हणजे नाव आणि रक्कम एका वाक्यात कधी नाही. “नमस्कार काका, तुमची पाच लाखांची एफडी संपली बरं का” हे आपुलकीने म्हटलं जातं आणि मागच्या रांगेतले सगळे ऐकतात. “काका, तुमचं एक काम आहे, आत या” एवढंच म्हणावं.

नोव्हेंबरात तर नमस्काराचं उत्तरच बदलतं. पेन्शनर आत आला की “नमस्कार, हयातीचा दाखला ना? आधार आणलंय?” ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यामुळे वय दिसलं की आम्ही ऑक्टोबरातच विचारायचो, म्हणजे पुढच्या महिन्यातल्या रांगेत त्यांना उभं राहावं लागत नसे.

डोंबिवलीकर

बँकेचा खरा कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतो. त्यामुळे आता सोपं झालंय. १६०० दिसला की बिनधास्त उत्तर द्यायचं, बाकी कुठूनही “नमस्कार, मी बँकेतून बोलतोय” आलं की कट.

रोखपाल (निवृत्त)

अर्धं बरोबर आहे. १६०० ची मालिका सेवा आणि व्यवहाराच्या कॉलसाठी आहे, जाहिरातीचे १४० वरून येतात. पण ‘बिनधास्त’ शब्द काढा. नंबर कुठलाही असो, ओटीपी आणि पिन फोनवर मागायचं बँकेला कारणच नसतं. शंका आली तर फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. आणखी एक खूण सांगतो. भामटा नमस्कारानंतर थेट भीती घालतो, “तुमचं खातं आज बंद होणार आहे.” कागद अडकला असेल तर शाखेतला माणूस म्हणतो, “सवडीने येऊन जा.”

आजोळ

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी पन्नास फुलांचे फोटो येतात आणि कोणी नमस्काराला उत्तर देत नाही. मुलं तर फक्त अंगठा दाखवतात. संस्कार कुठे गेले?

वेलांटी

आजोळ, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, काढा तुम्ही, मी येईन. इथे काउंटरवरचंच राहू दे.

रात्रपाळी

नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात रिसेप्शनला होते, त्याआधी वॉर्डात. आमच्याकडे तोंडाआधी डोळे नमस्कार करतात. दारातून येणारा छातीवर हात ठेवून, घामाघूम येतोय का? मग नमस्कार नाहीच. “कोणाला त्रास होतोय? कधीपासून?” असं विचारता विचारता दुसऱ्या हाताने व्हीलचेअर मागवायची. नाव, पत्ता, डिपॉझिट नंतर. चालत, फाईल घेऊन आलेला असेल तर “नमस्कार, नवीन पेशंट की जुने?” कारण जुन्याचा नंबर असतो, नव्याची नोंद करावी लागते, आणि दोन्हींच्या रांगा वेगळ्या.

तीन वाक्यं आम्हाला वर्ज्य होती. “कसे आहात?” नाही, कारण खरं उत्तर यायला लागतं. जाताना “परत या” नाही. “काळजी घ्या” किंवा थेट “शनिवारी ड्रेसिंगला या”. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्याने “काय होतंय तुम्हाला?” नाही. स्त्रीरोग, मानसोपचार, गुप्तरोग असलं काही असेल तर बिचारा माणूस पंचवीस लोकांसमोर काय सांगणार? “कुठल्या डॉक्टरांकडे?” विचारलं की काम होतं. फार तर चिठ्ठीवर लिहून घ्यायचं.

आता तो प्रसंग. आमच्याकडे बिल बंद झालं की आपोआप मेसेज जायचा: “नमस्कार! आमच्यासोबतचा आपला अनुभव कसा होता?” पुढे पाच तारे. एका आजोबांचं आयसीयूत निधन झालं. मुलाने बिल भरलं आणि गाडीत बॉडी चढवत असतानाच त्याच्या फोनवर हा मेसेज आला. तो परत आत आला. ओरडला नाही, फक्त फोन काउंटरवर ठेवला.

झालं असं होतं की सॉफ्टवेअरला ‘बिल बंद’ एवढंच कळायचं. डिस्चार्जचा प्रकार मात्र वॉर्डातून वेगळा भरला जातो: बरे होऊन, सल्ल्याविरुद्ध, दुसरीकडे पाठवले, मृत्यू. तो रकाना मेसेजला जोडलेलाच नव्हता. कंपनीवाल्यांनी आधी सुचवलं की मजकूर जरा सौम्य करू. आमच्या मेट्रन अडून बसल्या, मजकूर नको, अट घाला. मग ठरलं ते असं: ‘बरे होऊन’ असेल तरच मेसेज, तोही दुसऱ्या दिवशी सकाळी. रकाना रिकामा असेल तर मेसेज नाही. हे शेवटचं कलम खरं कामाचं, कारण घाईत वॉर्डातून तो रकाना सर्रास रिकामा येतो.

वेलांटी

हे वाचून माझ्याकडच्या दोन जुन्या मसुद्यांकडे पुन्हा बघावंसं वाटतंय. शाळेचं कोणी आहे का?

जनरल रजिस्टर

आहे की. अनुदानित शाळेत कनिष्ठ लिपिक, जालना जिल्हा. फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणा असा शासन निर्णय २०२२ च्या ऑक्टोबरात आला होता, सरकारी आणि अनुदानित सगळ्यांसाठी. सक्ती नव्हती. आमच्याकडं काही दिवस चाललं. पण पलीकडून पालक म्हणायचे, “राँग नंबर लागला वाटतं”, आणि ठेवून द्यायचे. आता शाळेचं नाव आधी, मग काय म्हणायचं ते.

आमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. दाखला मागायला आलेल्याला आम्ही नाव नंतर विचारतो, आधी “कोणत्या साली शाळा सोडली?” लोकांना राग येतो, की इतक्या वर्षांनी आलो आणि साल काय विचारता. पण रजिस्टरं सालाप्रमाणे लावलेली असतात, आणि एकाच नावाचे चार विद्यार्थी निघतात. साल कळलं की पुस्तक हातात येतं. आठवत नसेल तर “दहावी कधी दिली?”, तेही नसेल तर “तुमच्या वर्गाला कोण गुरुजी होते?” या तिसऱ्या प्रश्नावर साठीचा माणूससुद्धा खुलतो आन् साल बरोबर निघतं.

फोनवर मात्र सावध. “नमस्कार, माझा मुलगा आज शाळेत आलाय का?” हे कोणीही विचारू शकतं. आईबाप वेगळे राहतात, पोरावरून कोर्टात चालू आहे अशी घरं आहेत. मी म्हणतो, “नाव, वर्ग, तुकडी सांगा, मी पाच मिनिटांत फोन करतो,” आणि फोन करतो तो रजिस्टरात लिहिलेल्या नंबरवर. कोणी चिडलं तर चिडू द्या.

कोकमवाली

मी कुडाळहून आगळ, मसाले, फणसपोळी पाठवते, सगळं व्हॉट्सॲप बिझनेसवर. आमच्याकडे नमस्कार कोणी करतच नाही! फोटो टाकतात आणि खाली “किंमत?” किंवा नुसतं “पीपी”. त्यामुळे नमस्कार आपणच घालायचा.

तिथे आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज लावता येतो. तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, आणि चौदा दिवस काहीच बोलणं झालेलं नसेल तर जुन्यालाही पुन्हा जातो. गंमत इथेच आहे. एका ताईंनी तीन आठवड्यांनी डबा उघडला, आगळ सांडलेलं. त्यांनी फोटो पाठवला आणि माझ्याकडून लगेच गेलं, “🌸 आमच्या दुकानात आपलं मनापासून स्वागत!” त्यांना वाटलं मी चिडवतेय.

आता मजकूर असा आहे: “नमस्कार, मेसेज मिळाला. नवीन ऑर्डर असेल तर गावाचा पिनकोड लिहा. आधीच्या पार्सलबद्दल असेल तर फोटो पाठवा. संध्याकाळी सातपर्यंत मी स्वतः उत्तर देते.” फूल नाही, ‘स्वागत’ नाही. पिनकोड आधी मागते, कारण कुरिअरचा खर्च कळल्याशिवाय किंमत सांगून उपयोग नसतो. त्यापुढचं नेहमीचं उत्तर `/patta` असं शॉर्टकट लावून ठेवलंय, टाइप केलं की पत्ता, पेमेंट सगळा मजकूर येतो. पण तो पाठवण्याआधी वरचं वाचायचं.

कान इकडे

बाबांना कमी ऐकू येतं. बँकेच्या काचेमागून आणि हॉस्पिटलात मास्कमागून आलेला नमस्कार त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ते पुन्हा नमस्कार करतात, आतला माणूस वैतागतो. एका शाखेत बाईंनी काही न बोलता कागदावर ‘काय काम?’ लिहून काचेला लावला. बाबा अजून त्या शाखेत जातात, घराजवळची सोडून.

डोंबिवलीकर

एक विचारायचं होतं. ग्राहक ‘जय भीम’, ‘सलाम’, ‘राम राम’, ‘जय महाराष्ट्र’ म्हणाला तर उत्तर तेच द्यायचं का?

रोखपाल (निवृत्त)

मी द्यायचो. जो जे म्हणेल ते त्याला. खेड्यात ‘राम राम’ला ‘नमस्कार’ म्हटलं की परकं वाटतं.

रात्रपाळी

आमच्याकडे सगळ्यांना नमस्कारच. एकाला त्याच्यासारखं म्हटलं आणि दुसऱ्याच्या वेळी घाईत राहिलं, तर त्याला ते लागतं. आजारी घरातली माणसं असं फार लक्षात ठेवतात.

जनरल रजिस्टर

दोघांचंही पटतंय. आमच्या ऑफिसात हेडसर एक करतात, मी एक करतो. अजून कोणी तक्रार केली नाही. कोकमवाली, फणसपोळी जालन्यापर्यंत पोचते का? पिनकोड ४३१२०३.