मदत हवी आहे: कॅमचा हिशोब, भागायचं कशाने?

मंडळी, न्यू जर्सीत स्ट्रिप मॉलमध्ये आमचं फराळाचं दुकान आहे, लीज ट्रिपल नेट, म्हणजे भाडं वेगळं आणि वर प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स नि कॅम, म्हणजे मॉलच्या सामाईक जागेच्या देखभालीचा खर्च, आपल्याच डोक्यावर. दुकान १,२०० स्क्वेअर फूट, अख्खा मॉल १२,०००, म्हणजे आमचा वाटा १० टक्के असं धरून महिन्याला ५०० डॉलर अंदाजे कॅम भरत होतो.

आता वर्षअखेरचं रिकन्सिलिएशन, म्हणजे भरलेले पैसे आणि खरा खर्च यांचा ताळमेळ, आलंय. एकूण कॅम ६०,०००, मग आमचे ६,००० भरून झालेत ना? पण मालकाने वाटा १२.५ टक्के लावून आणखी १,५०० मागितलेत! नीट बघितलं तर दोन गाळे रिकामे आहेत आणि त्याने भागाकार भाड्याने गेलेल्या ९,६०० फुटांनी केलाय, म्हणजे रिकाम्या गाळ्यांसमोरचा बर्फ काढायचा खर्चपण आम्हीच द्यायचा.

लीजमध्ये फक्त "प्रपोर्शनेट शेअर" लिहिलंय, भागायचं कशाने ते नाही (सही करताना वाचलं कुणी!). शिवाय त्या ६०,००० मध्ये पार्किंगचं नवीन डांबरीकरणपण घातलंय, ते कॅपिटल खर्चात जायला हवं ना, का वर्षांवर विभागून लावतात?

ऑडिटचा क्लॉज आहे, ९० दिवसांची मुदत. आधी बिलं मागवू का थेट वकील गाठू? कुणी हे भांडलंय का?