मदत हवी आहे: गायगर काउंटरचा आकडा दर वेळी वेगळा येतोय, परवा विज्ञान दिन

खानापूरचा_मास्तर
परवा २८ तारखेला सातवी-आठवीच्या मुलांपुढं बोलायचंय: किरणोत्सर्ग आपल्या भोवती कायम असतो आणि तो बहुतेक निरुपद्रवी असतो. मित्राकडून गायगर काउंटर आणलाय. आज तालीम घेतली तर वर्गात १८, आहाराच्या खोलीतल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर २७, परत वर्गात २३. स्वयंपाकाच्या मावशींनी ते ऐकलं आणि उद्यापासून ओट्यावर भाजी चिरणार नाही म्हणाल्या. यंत्र बिघडलंय का? लवकर सांगा.

निपाणी_ऊसवाला
१८ म्हणजे मिनिटाला का तासाला? किती वेळ धरलं होतं?

खानापूरचा_मास्तर
मिनिटालाच की. एकेक मिनिट धरलं.

चिकोडीची_सुनीता
माझ्या आईचं पोटाचं सीटी स्कॅन गेल्या महिन्यात झालं. डॉक्टर आता परत करा म्हणतात. करावं का? कुणी सांगेल का?

जुना_फिजिक्सवाला
ताई, ते डॉक्टरांनाच विचारा, वेगळा धागा काढा. गुरुजी, यंत्र ठीक आहे, मोजणी तोकडी आहे. अणू फुटायला घड्याळ लावलेलं नसतं. जिथं १८ येतात तिथंच पुढच्या मिनिटाला १४ किंवा २३ येतील. आकड्याचं वर्गमूळ काढा: १८ चं चार-सव्वाचार. तेवढं मागंपुढं होणारच. म्हणून २७ वरून ओट्याला दोष देता येत नाही. दोन्हीकडं दहा-दहा मिनिटं मोजा.

हलगा_वाला
हे सगळं कैगाचं असणार. अणुभट्टी आपल्याच राज्यात आहे, वारा इकडंच येतो.

जुना_फिजिक्सवाला
दादा, वाऱ्यावरून आलं असतं तर वर्गात आणि ओट्यावर सारखंच वाढलं असतं. फरक शाळेतल्या शाळेत पडत असेल तर कारण तिथल्या दगडात शोधायचं. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम थोडं थोडं असतंच. शिवाय आकाशातून वैश्विक किरण येतात, ते सगळीकडं.

खानापूरचा_मास्तर
दहा मिनिटांची मोजणी झाली. वर्गात (जांभ्याच्या भिंती) १९४, ओट्यावर २६२. म्हणजे फरक खराच आहे! आता मावशींना काय सांगू?

जुना_फिजिक्सवाला
होय, खरा आहे. ६८ चा फरक, आणि दोन्ही आकड्यांच्या बेरजेचं वर्गमूळ २१ च्या आसपास. तिप्पट फरक योगायोगानं सहसा पडत नाही. पण खरा म्हणजे धोक्याचा नव्हे. यंत्र तासाला किती मायक्रोसिव्हर्ट दाखवतं?

खानापूरचा_मास्तर
वर्गात ०.११, ओट्यावर ०.१५.

जुना_फिजिक्सवाला
मग हिशेब करा. जादा ०.०४. मावशी रोज तीन तास ओट्याशी, वर्षाला २२० दिवस, म्हणजे सुमारे २६ मायक्रोसिव्हर्ट. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २४०० मिळतात. ओट्यामुळं शंभरावा भाग वाढला. हे यंत्र ठोकताळ्याचंच आहे, आकडा दुप्पट धरला तरी निष्कर्ष तोच. फक्त भाषणात 'पूर्ण निरुपद्रवी' म्हणू नका. त्या २४०० मधला निम्म्याच्या आसपास भाग रेडॉन वायूचा असतो. तो बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत साठला तर फुप्फुसाला खरोखर अपायकारक आहे. खिडक्या उघड्या ठेवा, एवढं मुलांना जरूर सांगा.

निपाणी_ऊसवाला
मुलांना दाखवायला खत न्या. आम्ही उसाला घालतो त्यात किरणोत्सर्ग असतो म्हणे. युरिया घरात पडलाय, देऊ का?

जुना_फिजिक्सवाला
युरियात पोटॅशियम नसतं, त्यानं काही होणार नाही. लाल पोटॅश हवं. त्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पोटॅशियम, आणि निसर्गातल्या पोटॅशियमचा अगदी बारीक अंश किरणोत्सर्गी असतोच. आपल्या अंगातही तो आहे. पण युरियाही न्या. तेवढाच, तसल्याच पिशवीत. मुलांना तुलना दिसेल.

हलगा_वाला
त्यापेक्षा केळं न्या की, स्वस्त.

जुना_फिजिक्सवाला
केळ्यात एवढं कमी असतं की या काउंटरला काही कळणार नाही. मुलांपुढं फजिती होईल.

खानापूरचा_मास्तर
पोटॅश आणलं. आधी अख्ख्या पोत्याला बाहेरून यंत्र टेकवलं, दहा मिनिटांत २३१ च आले, मी हिरमुसलो.

जुना_फिजिक्सवाला
पोत्याचं जाड कापड आणि यंत्राचं झाकण, दोन्ही आड येतात. पोटॅशियमचे बहुतेक कण हलके, लगेच अडतात. पातळ पिशवीत भरून नळीच्या बाजूनं चिकटवा.

खानापूरचा_मास्तर
झालं! दोन मुठी पोटॅश दुधाच्या पिशवीत भरून नळीला चिकटवलं: ३६७. तसाच युरिया: १८९. टकटक वाढलेली कानाला कळते. मावशी शेजारी घड्याळ घेऊन बसल्या होत्या. 'हे रानात घालायचं, आणि ओट्याला मी भ्याले होय' म्हणाल्या. ओट्याचं मात्र उद्या बघू म्हणाल्या.

चिकोडीची_सुनीता
सीटीचा वेगळा धागा काढलाय. फिजिक्सवाले काका, तिकडं जरा बघाल का?