शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना कुठे अडलात? अनुभव लिहा

परळची लेक: मुलीचा नर्सरीचा अर्ज भरतेय. जन्मदाखल्यावर तिच्या नावाची जागा रिकामीच आहे आणि आईच्या नावापुढे माझं माहेरचं नाव आहे. बाळंतपण परळला झालं, आम्ही राहतो मुलुंडला. तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं, सविस्तर सांगा.

पूर्वी शाळेच्या कार्यालयात: आधी दाखला पुरा करा, मग अर्ज. शाळा दाखल्यावरचं नाव जसंच्या तसं जनरल रजिस्टरात उतरवते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. तिथे नंतर बदल करायचा तर शिक्षण खात्याची मंजुरी लागते. नाव घालायला मुलुंडच्या टी वॉर्डात जाऊ नका. जन्म जिथे झाला तिथलाच वॉर्ड, म्हणजे परळचा एफ दक्षिण. नोंदणीपासून वर्षभरात नाव फुकट घालतात, पुढे विलंब शुल्क घेऊन पंधरा वर्षांपर्यंत. स्पेलिंग घरात सगळ्यांनी बसून ठरवा, कारण एकदा चढलेलं नाव सहजी बदलत नाही. आईचं नाव मात्र दुरुस्तीत मोडतं. त्याचा अर्ज वेगळा, सोबत लग्नाचं प्रमाणपत्र न्या.

डोंबिवली फास्ट: एवढं कशाला? प्रतिज्ञापत्र द्या. आमच्या पुतण्याचं पहिलीला चाललं.

पूर्वी शाळेच्या कार्यालयात: पहिलीला चाललं असेल. वयाचा पुरावा नाही म्हणून तिथे प्रवेश नाकारता येत नाही, कायदाच आहे. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेसाठी जन्मदाखलाच पुरावा धरतात. आता नर्सरीला येणारी काही मुलं त्यातलीच आहेत.

रिक्षावाला बाबा: माझा घोळ उत्पन्नाचा. व्यवसायात ‘स्वयंरोजगार, रिक्षाचालक’ लिहिलं. पगारपत्रक कुठून आणू? आरटीईच्या २५ टक्क्यांत दुर्बल घटकासाठी वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न हवं, म्हणून तहसीलदारांचा दाखला काढला. बायको घरून डबे देते, ते पैसे धरायचे का?

पूर्वी शाळेच्या कार्यालयात: धरा, दादा. दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. दाखल्यावर जो आकडा आहे तोच अर्जात लिहा. फरक दिसला की पडताळणीत अर्ज तिथेच थांबतो.

रिक्षावाला बाबा: मग आमचं लाखाच्या वर जातं. भाडं, गॅस, दुरुस्ती वजा करून उरेल ते धरायचं ना?

डोंबिवली फास्ट: सगळे वजा करूनच लिहितात.

पूर्वी शाळेच्या कार्यालयात: ते इथे ठरवू नका. खर्चाच्या पावत्या घेऊन तहसील कार्यालयातच विचारा.

जुळ्यांची आई: भावंडांच्या रकान्यात शाळा मोठ्याचा जनरल रजिस्टर नंबर मागते. माझी जुळी, दोघांचे अर्ज वेगळे, नंबर कुणालाच नाही. मी दोन्ही अर्जांत ‘जुळं भावंड, अर्ज सोबत’ लिहून एकमेकांचा अर्ज क्रमांक टाकला. सोडतीत एकाचंच नाव लागलं तर दुसऱ्याला भावंड म्हणून घेतात का? कुणाच्या बाबतीत झालंय?