न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग: ‘त्सुंदोकु’ला इंग्रजी शब्द आहे का?

पुस्तकं विकत आणायची आणि न वाचता रचून ठेवायची, याला जपानीत त्सुंदोकु म्हणतात. ‘त्यात काय, इंग्रजीत बिब्लिओमेनिया, म्हणजे पुस्तकं जमवण्याचं वेड, आहेच की,’ असं एक मित्र ठासून सांगतो. मला पटत नाही. जपानी जाणणाऱ्यांनी आणि ढीगवाल्यांनी आपापले अनुभव लिहा.

ओसाकावाली: ‘त्सुंदे ओकु’ म्हणजे रचून ठेवणे. बोलताना त्याचं त्सुंदोकु होतंच. मेइजी काळात कुणा मिश्किलाने त्यातल्या ‘दोकु’ला वाचनाचं अक्षर बसवलं. ओंदोकु म्हणजे मोठ्याने वाचन, मोकुदोकु म्हणजे मनात वाचन, तशी ही तिसरी तऱ्हा! आमच्या ऑफिसात लोक एकाच पुस्तकाबद्दलही ‘ते त्सुंदोकु झालंय’ म्हणतात आणि हसतात. कुणी त्याला वेड म्हणत नाही.

जुना बाजार: शब्द तोच हो. डिब्डिन या इंग्रज लेखकाचं ‘बिब्लिओमेनिया’ हे पुस्तक 1809 सालचं. पुढे सर थॉमस फिलिप्सला तर जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत हवी होती. एवढं सगळं वाचणार कधी?

ओसाकावाली: फिलिप्स वाचणार नव्हता हे कबूल, पण डिब्डिनने दिलेली लक्षणं बघा ना: पहिली आवृत्ती, मोठ्या कागदावरची प्रत, कडा न कापलेली प्रत, चर्मपत्रावर छापलेली प्रत. हा हव्यास दुर्मिळतेचा. असा माणूस घरातलं पान न् पान वाचून काढलेला असला तरी बिब्लिओमेनियाकच. उलट, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली साधी कादंबरी पडून राहिली की झालं त्सुंदोकु.

नाशिककर: माझे दिवाळी अंक पलंगाखाली आहेत. कसर लागली आहे. कडुनिंबाचा पाला चालतो का?

ओसाकावाली: काका, धागा चुकला! पाला चालेल, पण आधी ऊन दाखवा.

रात्रपाळी: इंग्रजी वाचकांच्या गटांत आम्ही ‘टीबीआर’ म्हणतो, म्हणजे अजून वाचायची आहेत ती. अर्थाने हेच सगळ्यात जवळचं वाटतं. फरक एवढाच की माझ्या टीबीआरमधली निम्मी पुस्तकं मी घेतलेलीच नाहीत, नुसती नावं टिपली आहेत. शिवाय त्या यादीत वाचण्याचा वायदा असतो, आणि तो डोक्यावर बसतो. पहिल्या महिन्यात यादी संपवायचा चंग बांधतात लोक.

ओसाकावाली: बरोबर. त्सुंदोकुला वस्तू घरात आलेली लागते, वायदा असलाच पाहिजे असं नाही. म्हणून तिकडे हीच गंमत पुढे गेली: विकत घेऊन न खेळलेल्या गेम्सना ‘त्सुमिगे’, न जोडलेल्या प्लास्टिक मॉडेलच्या खोक्यांना ‘त्सुमिपुरा’.

जुना बाजार: बरं, मेनिया सोडतो. पण ‘बुक होर्डिंग’?

रात्रपाळी: होर्डिंग म्हटलं की आजार आला, घर भरून चालायला वाट नाही असं चित्र आलं. माझा ढीग खिडकीच्या उंचीचाच आहे हो.

ओसाकावाली: मला खरी अडचण ई-बुकची वाटते. रीडरमध्ये पडून असलेल्यांना काही जपानी मित्र त्सुंदोकुच म्हणतात. माझी टेबलशेजारीण म्हणते, रचलेलंच नाही तर ‘त्सुंदे’ कुठून आलं?

जुना बाजार: शेजारणीच्या बाजूने माझं मत.

रात्रपाळी: माझं नाही. सेलमध्ये घेतलेली डाउनलोडसुद्धा केलेली नाहीत, त्यांना दुसरं काय म्हणू?