आण्णांच्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ आहे, कोल्हापुरात कुणाला दाखवू?

चपलीचा_वारसदार
नमस्कार मंडळी. माझे वडील, आण्णा, वय ६१. सुभाषनगरात घरातच कोल्हापुरी चपला करतात, चाळीस वर्षं झाली. उजव्या अंगठ्याच्या नखात मुळापासून टोकापर्यंत एक काळपट तपकिरी उभी रेघ आहे. दुखत नाही, सूज नाही. आण्णांचं म्हणणं, मागच्या नाही त्याच्या आधीच्या दिवाळीत ऑर्डरीच्या घाईत हातोडी बसली होती, तेच रक्त साकळलंय. एका डॉक्टरांनी बुरशी म्हणून तीन महिने गोळ्या दिल्या, तपासणी काही केली नाही. रेघ आहे तशीच. आता नखाचं नेमकं कोण बघतं? स्किनवाले की हाताचे सर्जन? की सोडून द्यावं?

पेठेतला_गोली
भावा, लई लोड घेऊ नको. फुटबॉल खेळून माझ्या पायाची दोन्ही अंगठ्यांची नखं काळी ठिक्कर पडली होती. काय बी केलं नाही. वर्षभरात काळं पुढं पुढं सरकत गेलं आणि कापून टाकलं. रक्तच असतंय ते.

शाहूपुरीची_माई
माझ्या तर हाताच्या आठ नखांत अशा रेघा होत्या, बोटांचे सांधेही वरून काळे पडलेले. तपासलं तर बी१२ अगदी तळाला. इंजेक्शनं घेतली आणि सहा-आठ महिन्यांत फिकट होत गेल्या. आण्णांचं बी१२ बघून घ्या आधी.

घरगुती_उपाय
नखावर ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी. नाचणी चालू करा. माझ्या मिस्टरांचं पायाचं नख पिवळं होऊन जाड झालंय, त्याला काय लावावं?

नखशिखांत
त्वचारोगाची प्रॅक्टिस करते, सांगलीत. घरगुती उपाय, तुमच्या मिस्टरांसाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल. पांढरे ठिपके बहुधा कॅल्शियममुळे नसतात, आणि या रेघेशी तर त्यांचा संबंधच नाही.

गोली, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे, आणि तुम्ही त्यातली खरी खूणही सांगितलीत: काळं पुढं सरकत गेलं. नखाखालचं रक्त नखाबरोबर पुढे जातं आणि मागे मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे अंगठ्याचं अख्खं नख पाच-सहा महिन्यांत नवं होतं. साठीत जरा सावकाश, सात धरा. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणून तुम्हाला वर्ष लागलं. आण्णांना लागून चौदा-पंधरा महिने झाले. त्या वेळचं नख कधीच कापून गेलं. एकदा बसलेल्या माराचं रक्त आज मुळापाशी असण्याचं कारणच नाही. मुळापासून टोकापर्यंत सलग उभी रेघ याचा अर्थ नखाचं मूळ आजही रंग तयार करतंय.

वारसदार, रेघेची रुंदी मुळाशी आणि टोकाशी अशी दोन्हीकडे मोजून सांगा. जुना एखादा फोटोही शोधा, ज्यात अंगठा दिसतोय.

उद्यमनगरी
मला एक शंका आहे. मी लेथवर असतो, हातोडी रोजची. आण्णा उजव्या हाताचे ना? मग हातोडी उजव्या हातात. ती उजव्या अंगठ्याला बसेल कशी?

चपलीचा_वारसदार
उद्यमनगरी, तुम्ही डोकं फिरवलंत. आत्ता आण्णांना विचारलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "डाव्याला लागली होती रे." डावं नख तेव्हा पडलं होतं, आता नवं स्वच्छ आलंय. उजवी रेघ नंतर कधीतरी दिसली आणि त्यांनी दोन्हीची सांगड घातली.

मित्राकडून व्हर्नियर आणून मोजलं. मुळाशी ४ मिलिमीटर, टोकाशी ३ ला किंचित कमी. फोटो सापडला, चैत्रात जोतिबाच्या यात्रेतला. हात गुलालानं भरलाय, पण अंगठा नारळावर आहे आणि रेघ स्पष्ट दिसते, बारीक आहे. तेव्हा नखाच्या रुंदीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी असेल, आता पाव हिस्सा आहे.

अजून एक, कातडं भिजवताना हिरड्याचा रंग लागतो, तो लोखंडाला लागला की काळा होतो. तसलं काही असेल का?

नखशिखांत
हिरड्याची शंका चांगली आहे. पण तो डाग नखाच्या वर बसतो. बारीक कानसेनं किंवा पात्यानं हलकं खरवडलं की निघतो. शिवाय मुळाशी त्याची कड कातडीच्या गोलाईप्रमाणे वळलेली असते आणि चार-पाच बोटांना तरी लागतोच. एकाच बोटाला सरळ उभी रेघ तो देत नाही.

आता मोजमापाकडे या. नख म्हणजे सरकती पट्टी समजा. टोकाला दिसतंय ते पाच-सहा महिन्यांपूर्वी मुळातून निघालेलं, आणि मुळाशी आहे ते या आठवड्याचं. टोकाला ३ आणि मुळाशी ४ म्हणजे त्या सहा महिन्यांत रंग तयार करणारी जागा रुंदावली. चैत्रातला फोटो तेच सांगतो. रेघ गडद आहे की फिकट, यापेक्षा मला हे जास्त खटकतं. मुळाकडे रुंद होत जाणाऱ्या रेघेला मी थांबून बघायला सांगत नाही.

माई, तुमच्या आठ नखांत होतं, सांध्यांवर होतं. शरीरातल्या कुठल्या कमतरतेनं, औषधानं किंवा जन्मजात सावळ्या रंगामुळे येणाऱ्या रेघा बहुधा अशाच अनेक नखांत येतात. आपल्याकडे सावळ्या लोकांच्या दोन-चार नखांत वय वाढेल तशा रेघा दिसतात, त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी. एकाच बोटाची रेघही बरेचदा निरुपद्रवी निघते, नखाच्या मुळातल्या रंगपेशी नुसत्या जाग्या झालेल्या असतात. पण साठीतला माणूस, अंगठा, एकच नख, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद आणि बदलती रेघ, हे सगळं एकत्र आलं की मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, नाही हे सिद्ध करावं लागतं. गृहीत धरता येत नाही.

वारसदार, अजून एक बघा. रंग नखाच्या बाहेर, मुळाजवळच्या किंवा टोकाखालच्या कातडीवर आलाय का?

चपलीचा_वारसदार
मुळाजवळच्या पातळ कातडीत काळसर छटा वाटते. भाऊ म्हणतो आहे, बहीण म्हणते नाही.

नखशिखांत
तिथं फसायला होतं. ती कातडी इतकी पातळ असते की खालची रेघच वर डोकावते. खरंच कातडीला रंग चढला असेल तर तो नखाच्या कडेपलीकडे, बोटाच्या जाड कातडीवरही दिसतो. फोटोवरून मी सांगणार नाही. त्याला डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लागेल.

राजारामपुरी_रीडर
बॉब मार्लेचं असंच ना? पायाच्या अंगठ्याला फुटबॉल खेळताना लागलंय असं समजून राहिला, १९७७ मध्ये मेलॅनोमा निघाला, १९८१ मध्ये गेला. मी ऐकलंय की हा उन्हामुळे होतो. आण्णा तर घरात बसून काम करतात.

नखशिखांत
नखातल्या मेलॅनोमाशी उन्हाचा संबंध दिसत नाही. म्हणूनच सावळ्या लोकांमध्येही तो होतो. एकूण दुर्मीळ आहे, पण आपल्याकडे मेलॅनोमा दिसलाच तर तळवा, तळपाय, नख अशा जागी बरेचदा दिसतो.

काका_मंगळवारपेठ
माझा सल्ला, सुई लावू देऊ नका. गाठीला हात लावला की पसरते. आमच्या नात्यात झालंय.

नखशिखांत
काका, नात्यातलं दुःख मी नाकारत नाही. पण बायोप्सीमुळे हा आजार पसरतो असं नाही. उशिरा केल्यानं मात्र नुकसान होतं, कारण आजार वरच्या थरातच सापडला तर बरेचदा नखाचा भाग काढून, कातडी लावून बोट वाचवता येतं. खोल गेल्यावर बोटाचा भागही जाऊ शकतो.

वारसदार, आधी त्वचारोगतज्ज्ञ. सीपीआर रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, किंवा नखाचं काम करणारं खाजगी कुणी. फोन करून दोन गोष्टी विचारा: डर्मोस्कोप आहे का, आणि नखाच्या मुळाची बायोप्सी तुम्ही स्वतः करता का. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असलं तर त्यांनाच विचारा, कुणाकडे पाठवाल. हाताचे सर्जन चालतील, पण त्यांना नखाच्या मुळाचा सराव हवा.

बोटाच्या बुडाशी भूल देऊन, नखाच्या मुळावरची कातडी वळवून, रेघ जिथून सुरू होते तिथला पातळ काप घेतात. नुसतं नख उपटून किंवा टोकाचा तुकडा कापून दिलेला नमुना या प्रश्नाला पुरत नाही. त्यात बुरशी दिसू शकते, पण बुरशी सापडली म्हणून मूळ स्वच्छ आहे असं ठरत नाही. इथेच बरीच गल्लत होते.

पेठेतला_गोली
मग नख कायमचं जाईल काय? आण्णांचं काम अंगठ्यावर आहे.

नखशिखांत
पातळ काप असेल तर बरेचदा नख नीट येतं, कधी एखादी चीर किंवा पातळ भाग राहतो. काप मुळाच्या अगदी मागच्या भागातून घ्यावा लागला तर जास्त. नक्की सांगता येत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

चपलीचा_वारसदार (तीन आठवड्यांनी)
अपडेट देतो. डॉक्टरांनी डर्मोस्कोप लावून बघितलं आणि आम्हालाही पडद्यावर दाखवलं. एक रेघ वाटत होती ती आत बारीक बारीक रेघांची जुडी निघाली. काही जाड, काही बारीक, काही गडद, आणि मधलं अंतर सारखं नाही. ते म्हणाले, रंगपेशी नुसत्या जाग्या असत्या तर सगळीकडे एकसारखी करडी छटा दिसली असती. मुळाजवळच्या कातडीबद्दल मात्र तेही ठाम बोलले नाहीत.

मंगळवारी बायोप्सी झाली, अर्धा-पाऊण तास लागला. आण्णांनी भूल घेताना डोळे मिटले, बाकी शांत होते. नख आणि मुळाचा काप दोन वेगळ्या बाटल्यांत दिला, त्यावर "उजवा अंगठा" लिहिलंय की नाही ते मी स्वतः वाचून घेतलं. रिपोर्ट यायला दहा दिवस. पट्टी आहे तोवर आण्णा रापी धरू शकत नाहीत, म्हणून वाद्या मी कापतोय आणि ते शेजारी बसून माझ्या चुका काढतायत.

नखशिखांत ताई, रिपोर्टमध्ये काय काय विचारायचं?

नखशिखांत
रंगपेशी नुसत्या वाढलेल्या आहेत की बिघडलेल्या, बिघडलेल्या असतील तर वरच्या थरातच आहेत की खाली उतरल्यात, आणि उतरल्या असतील तर किती मिलिमीटर. आणि नमुना पुरेसा होता का, हे सगळ्यांत आधी. "पुरेसा नाही" असं आलं तर तो चांगला रिपोर्ट समजू नका, पुन्हा घ्यावा लागेल. नमुन्याचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडे राहतात, दुसरं मत हवं असेल तर मागून घ्या.

शाहूपुरीची_माई
आण्णांची एक जोडी मी सहा वर्षं वापरली आहे. रिपोर्ट आला की लिहा.