संचालक उठून गेला, कोरम तुटला. पुढचे ठराव धरायचे का?

सोसायटीचा सेक्रेटरी, मालवणकडे: आमची मच्छीमार सोसायटी. संचालक ११, आमच्या उपविधीप्रमाणे कोरम ६. जूनमधल्या मासिक सभेला बरोबर सहाच आले. पहिले तीन विषय झाले. चौथा बर्फ कारखान्याच्या कॉम्प्रेसरचा. दरपत्रकांवर वाद झाला आणि एक संचालक मतदानाआधीच ५.५० ला चिडून निघून गेले. उरलेल्या पाचांनी दुरुस्ती ‘सर्वानुमते’ मंजूर केली, शिवाय पाचवा-सहावा विषयही उरकला. हजेरी रजिस्टरवर त्यांची सही आहे. प्रोसिडिंग कसं लिहू?

बंदरावरचा: तो गेलो म्हणान सभा संपली, ह्या खयचा? १ ऑगस्टला बोटी सुटणार, बर्फ नको काय? सही आहे ना, मग सहा जण हजर. लिहून टाका.

निवृत्त लेखापरीक्षक: सही तो आल्याचा पुरावा आहे, ठरावाच्या वेळी बसलेला होता याचा नाही. कोरम बघायचा तो मत घेताना. पहिल्या तीन विषयांना सहा जण होते, ते ठराव पक्के. तो पुढे उठून गेला म्हणून ते मागे जात नाहीत. चौथ्यावर मत पडलं तेव्हा खोलीत पाच. तो ठराव नाही, पाच जणांचं बोलणं आहे. पाचव्या-सहाव्याचंही तेच.

विधानसभा पाहणारा: एवढं कडक नसतं हो. विधानसभेत बाकं ओस असतात, तरी विधेयकं मंजूर होतात. सुरुवातीला कोरम होता आणि कोणी हरकत घेतली नाही, तर तो आहे असंच धरतात.

निवृत्त लेखापरीक्षक: अर्धं बरोबर. कोणी बोट दाखवलं नाही तर कोरम आहे असं गृहीत धरतात खरं. पण कोरम नसेल तर सभागृह तहकूब करणं किंवा कोरम होईपर्यंत कामकाज थांबवणं हे अध्यक्षांचं कर्तव्य आहे, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ मध्येच आहे. आणि इथे गृहीत धरायला जागा कुठे आहे? सहातला एक गेल्यावर उरलेले मोजायला बोटंही लागत नाहीत. सेक्रेटरींनी वेळसुद्धा टिपली आहे.

फ्लॅटवाली, रत्नागिरी: आमच्या सोसायटीत तर अर्धा तास थांबतात आणि मग आहेत तेवढ्यांवर सभा घेतात. तुम्हीही तसंच करा की.

निवृत्त लेखापरीक्षक: ताई, ती तुमची सर्वसाधारण सभा. मुळात कोरम जमलाच नाही, तर तहकूब सभा कशी घ्यायची याची सोय गृहनिर्माणाच्या उपविधीत असते. इथे प्रश्न संचालक मंडळाचा आणि सभा मध्येच तुटल्याचा आहे. त्यांच्या उपविधीत तशी सवलत लिहिलेली असेल तरच मिळेल.

सेक्रेटरीसाहेब, घडलं तसं लिहा: “विषय क्र. ४ वर चर्चा सुरू असताना, मतदानापूर्वी, सायं. ५.५० वाजता संचालक श्री. … सभेतून निघून गेले. उपस्थिती ५ झाली. गणपूर्ती राहिली नाही.” रागावून गेले, दार आपटलं, हे नको. त्यानंतर चेअरमननी सभा थांबवली नाही आणि पाच जणांनी काय ठरवलं, तेही लिहा. फक्त ‘सर्वानुमते’ आणि ‘ठराव मंजूर’ हे शब्द नकोत. सभा त्याच वेळी तहकूब झाली असं आता मागाहून घुसडू नका.

खरं तर तेव्हा करता येण्यासारखं थोडंच होतं: माणूस पाठवून त्यांना परत बोलावणं, थोडा वेळ थांबणं, पुढची तारीख ठरवून सभा तहकूब करणं. आलेली पत्रं वाचून दाखवली असती तरी चाललं असतं, ठराव मात्र नाही.

बंदरावरचा: म्हणजे एकट्याने उठायचं आणि दहा जणांचं काम अडवायचं!

निवृत्त लेखापरीक्षक: एकट्याने नाही, आलेच नाहीत त्या पाच जणांनीही. सहाच्या कोरमला सहाच माणसं घेऊन बसलात, तर प्रत्येकाच्या हातात किल्ली जाते.

सोसायटीचा सेक्रेटरी: मेकॅनिकला दुसऱ्याच दिवशी ४०,००० ॲडव्हान्स गेलाय. पुढच्या सभेत हे इतिवृत्त कायम केलं की भागेल ना?

निवृत्त लेखापरीक्षक: नाही, आणि फसतात ते इथेच. इतिवृत्त कायम करणं म्हणजे लिहिलंय ते खरं आहे एवढंच. जो ठराव झालाच नाही तो त्याने जिवंत होत नाही. पुढच्या अजेंड्यावर कॉम्प्रेसरचा विषय नव्याने घ्या, तिन्ही दरपत्रकं पुन्हा ठेवा, आणि दिलेल्या ॲडव्हान्सला कार्योत्तर मंजुरी मागा. सभेने नाकारली तर ज्यांनी चेकवर सह्या केल्या त्यांना उत्तर द्यावं लागेल. पाचवा-सहावा विषयही पुन्हा.

विधानसभा पाहणारा: आणि ते गृहस्थ उद्या म्हणाले, मी पडवीत फोनवर होतो, सभा सोडलीच नव्हती?

निवृत्त लेखापरीक्षक: पडवीतून चर्चा ऐकू येत होती का, त्यांना मत विचारलं होतं का, यावर आहे. माझ्या मते पडवी म्हणजे बाहेर. पण यावर माझं आणि माझ्या जुन्या साहेबांचं कधी जमलं नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी: पडवीत नव्हते. ५.५५ ला जेटीवर जाळं शिवत बसलेले मी खिडकीतून पाहिले. नव्या सभेची नोटीस उद्या काढतो, यावेळी अकराही जणांना फोन करून.